जेपीईजी एकदाच, तीही शेवटी

लग्नाच्या समूहछायाचित्रात वीस-पंचवीस जणांचे डोळे एकाच क्षणी उघडे मिळणे कठीण असते. म्हणून छायाचित्रकार ट्रायपॉड न हलवता एकामागून एक चार-पाच फोटो काढतो. त्यांतला सगळ्यांत चांगला फोटो पायाला धरायचा, आणि त्यात एखाद्याचे डोळे मिटलेले असतील तर शेजारच्या फोटोतला त्याच माणसाचा उघड्या डोळ्यांचा चेहरा तिथे बसवायचा. स्टुडिओत या कामाला ‘हेड स्वॅप’ म्हणतात. माणूस तोच, कपडे तेच, प्रकाश तोच आणि दोन फोटोंमधले अंतर दोन-तीन सेकंदांचे. असे असूनही पुष्कळदा छापून आलेल्या अल्बममध्ये तो एक चेहरा वेगळा दिसतो. कडा नीट कापलेल्या असतात, रंग जुळवलेले असतात, तरी गालाची कातडी मेणासारखी गुळगुळीत वाटते किंवा केसांभोवती मळकट कडे दिसते. अशा वेळी दोष कापणाऱ्याच्या हाताचा कमी आणि फाइल मध्येच जेपीईजी म्हणून पुन्हा पुन्हा साठवण्याचा जास्त असतो.

हे का होते हे कळण्यासाठी जेपीईजी फोटो कसा लहान करते ते पाहावे लागते. ही पद्धत 1992 मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. तिचा गणिती गाभा त्याच्या अठरा वर्षे आधीचा आहे. मूळचे बंगळूरचे आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे रूपांतर प्रसिद्ध केले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमधला फोटो कुठे ना कुठे या रूपांतरातून गेलेला असतो.

जेपीईजी आधी फोटोतला उजेड आणि रंग वेगळे करते. डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. याचा फायदा घेऊन रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रुंदीची आणि निम्म्या उंचीची करून ठेवली जाते, म्हणजे चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना उरतो. मग संपूर्ण चित्राचे आठ पिक्सेल रुंद आणि आठ पिक्सेल उंच असे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातल्या चौसष्ट पिक्सेलच्या जागी रूपांतरातून चौसष्ट आकडे येतात. पहिला आकडा त्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे आकडे त्यातले चढउतार सांगतात: आधी ठळक, मग बारीक, मग अगदी बारीक. इथपर्यंत काही हरवलेले नसते. हवे तर उलट गणित करून चौकोन जवळपास जसाच्या तसा परत मिळतो.

हरवण्याचे काम पुढच्या पायरीवर होते. त्या चौसष्ट आकड्यांपैकी प्रत्येकाला एका ठरलेल्या आकड्याने भागले जाते आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणले जाते. हे भाजक ज्या तक्त्यात असतात तो तक्ता फाइलमध्येच साठवलेला असतो. बारीक तपशिलांचे भाजक मोठे असतात, त्यामुळे त्यांची उत्तरे बहुधा शून्य येतात, आणि भरपूर शून्ये असलेला मजकूर थोडक्या जागेत मावतो. साठवताना दिसणारी ‘क्वालिटी’ची पट्टी याच तक्त्यातले भाजक लहानमोठे करते. फाइल उघडताना तो पूर्णांक पुन्हा त्याच भाजकाने गुणला जातो, पण गोळाबेरीज करताना सुटलेला अपूर्णांक परत येत नाही.

एक आकडा हातात घेऊन हे पाहता येईल. समजा एखाद्या चौकोनातला एक आकडा 37 आहे आणि त्याचा भाजक 10 आहे. भागाकार 3.7 येतो, तो 4 धरला जातो, आणि उघडताना 40 मिळतात. चूक 3 ची झाली. आता ही फाइल काहीही न बदलता त्याच तक्त्याने पुन्हा साठवली तर 40 भागिले 10 म्हणजे बरोबर 4; नवी चूक जवळजवळ होतच नाही. पण दुसऱ्या वेळी वेगळ्या क्वालिटीवर साठवली आणि भाजक 7 झाला, तर 40 चे 5.71, म्हणजे 6, आणि परत येताना 42. तिसऱ्या वेळी भाजक 11 असेल तर 42 चे 3.82, म्हणजे 4, आणि परत येताना 44. मूळचे 37 आता 44 झाले आहेत. तोच 37 पहिल्याच वेळी थेट 11 ने भागला असता तर 33 मिळाले असते, म्हणजे चूक फक्त 4 ची. शेवटचा भाजक दोन्हीकडे तोच आहे, पण वाटेतल्या दोन थांब्यांनी चूक 4 वरून 7 वर नेली. पुन:पुन्हा साठवण्याची हानी म्हणतात ती ही.

याच हिशेबातून एक गैरसमजही दूर होतो. जेपीईजी फाइलची नक्कल करणे, तिचे नाव बदलणे, पेनड्राइव्हवर टाकणे किंवा ती शंभर वेळा उघडून नुसती पाहणे यांनी काहीही बिघडत नाही, कारण त्यात भागाकार होत नाही. फोटोशॉपमध्ये एकाच बैठकीत काम चालू असताना दहा वेळा ‘सेव्ह’ केले तरी चूक दहापट होत नाही; उघडलेले चित्र संगणकाच्या स्मृतीत पिक्सेलच्या रूपात असते आणि प्रत्येक वेळी त्यातूनच नवी फाइल लिहिली जाते. हानी साचते ती फाइल बंद करून, तीच जेपीईजी पुन्हा उघडून, बदल करून पुन्हा जेपीईजी म्हणून साठवल्यावर. स्टुडिओतले काम मात्र असेच चालते. आज चेहरा बसवला, उद्या ग्राहकाने मागच्या भिंतीवरची तार काढायला सांगितली, परवा कडा कापायला सांगितल्या. प्रत्येक वेळी कालची जेपीईजी उघडली जाते.

त्यातही सगळ्यांत जास्त नुकसान कडा कापल्याने होते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. आठ-आठ पिक्सेलचे चौकोन नेहमी चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजले जातात. चित्र डावीकडून पाच पिक्सेल कापले की मोजणी नव्या कडेपासून सुरू होते, आणि जिथे जुन्या दोन चौकोनांची शीव होती ती आता एका नव्या चौकोनाच्या पोटात, तिसऱ्या पिक्सेलपाशी येते. त्या शिवेवर आधीच्या गोळाबेरजेमुळे उजेडात लहानशी पायरी पडलेली असते. नवा चौकोन त्या पायरीला चित्रातला खरा तपशील समजतो, तिच्यासाठी आकडे खर्च करतो, त्यांचीही गोळाबेरीज करतो, आणि जुन्या जाळीवर नवी जाळी चढते.

आता मूळ उदाहरणाकडे येऊ. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे चित्र 6000 पिक्सेल रुंद आणि 4000 पिक्सेल उंच. पहिल्या रांगेत मध्यभागी बसलेल्या आजींचा चेहरा या चित्रात साधारण 300 पिक्सेल रुंद आहे, आणि डोळे मिटलेले आहेत. फोटो अल्बमच्या जोडपानावर 24 इंच रुंद छापायचा आहे, म्हणजे इंचाला 250 पिक्सेल पडतील आणि आजींचा चेहरा कागदावर सव्वा इंचाच्या आसपास येईल. कागदावर आठ पिक्सेलचा एक चौकोन सुमारे 0.8 मिलिमीटरचा होतो. अल्बम हातात घेऊन पाहणाऱ्याला हे चौकोन सुटे दिसत नाहीत, पण त्वचेचा पोत बिघडला आहे एवढे कळते.

वाईट वाट अशी. चांगला चेहरा ज्या फोटोत आहे तो छायाचित्रकाराच्या दुसऱ्या कार्डात राहिला आहे, म्हणून तो व्हॉट्सॅपवरून मागवला जातो. फोटो म्हणून पाठवल्यामुळे तो वाटेत लहान झाला आणि पुन्हा जेपीईजी झाला. समजा, आला तो 1600 पिक्सेल रुंदीचा. आजींचा चेहरा त्यात 300 ऐवजी 80 पिक्सेलचा उरला. पायाच्या फोटोत बसवण्यासाठी तो पावणेचार पट मोठा करावा लागतो. त्याबरोबर त्यातले आठ पिक्सेलचे चौकोनही मोठे होऊन 30 पिक्सेलचे होतात, आणि छापल्यावर ते तीन मिलिमीटरचे दिसतात. शेजारी बसलेल्या काकूंच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आणि कॅमेऱ्याचा बारीक दाणा आहे, आजींच्या गालावर मात्र दाणा नाही, फक्त मऊ डाग आहेत. चष्म्याच्या कडेभोवती काळसर लहरी उमटलेल्या आहेत, कारण तीव्र कडेचे बारीक आकडे शून्य झाले की कडेच्या दोन्ही बाजूंना अशा लहरी पडतात. पदराच्या लाल काठाचा रंग हनुवटीवर उतरला आहे, कारण रंगाचा एकेक नमुना आता पुष्कळ पिक्सेलवर पसरला आहे.

यानंतर चेहरा बसवलेले चित्र एकसंध करून जेपीईजी म्हणून साठवले जाते. चेहऱ्याची 30 पिक्सेलची विसविशीत जाळी, पायाच्या फोटोची आठ पिक्सेलची जाळी आणि दोन्हींवर नवी आठ पिक्सेलची जाळी असे तीन थर एकात मिसळतात. त्यापुढची प्रत्येक साठवण चेहऱ्यावर आणि बाकीच्या फोटोवर वेगवेगळा परिणाम करते. काकूंच्या गालावरचा बारीक दाणा दर वेळी थोडा झिजतो. आजींच्या गालावर झिजण्यासारखे काही उरलेलेच नसते, तिथे फक्त डागांच्या कडा ठळक होतात. म्हणून बदललेला चेहरा पहिल्या दिवशी खपून जातो आणि चौथ्या दिवशी डोळ्यांत खुपतो. कातरकाम पहिल्या दिवसापासून तेच असते.

चांगली वाट कॅमेऱ्यापासून सुरू होते. दोन्ही फोटो रॉ स्वरूपात घेतलेले असावेत. नसतील तर कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या मूळ जेपीईजी घ्याव्यात, पण कुठूनही फिरून आलेल्या घेऊ नयेत. फोनवरूनच पाठवायचे असेल तर व्हॉट्सॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा; मग फाइल जशीच्या तशी पोहोचते. दोन्ही रॉ फाइलींना उजेड, रंगाचे तापमान आणि धार वाढवण्याचे आकडे एकच द्यावेत. यात घाई झाली तर पुढे बदल लपवण्यासाठी रंग खेचत बसावे लागते. मग दोन्ही चित्रे 16 बिटच्या टिफ फाइली म्हणून काढावीत. टिफमध्ये पिक्सेल जसेच्या तसे राहतात. झिप किंवा एलझेडडब्ल्यू पद्धतीने फाइल लहान केली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल मूळचाच मिळतो. म्हणूनच या साठवणीला हानिरहित म्हणतात.

पायाचे चित्र खालच्या लेयरवर आणि दुसरे पूर्ण चित्र वरच्या लेयरवर ठेवायचे. नुसता चेहरा कापून आणण्यापेक्षा पूर्ण चित्र आणणे सोयीचे, कारण ट्रायपॉड हललेला नसेल तर दोन्ही चित्रे आपोआप एकावर एक बसतात आणि हलला असेल तर `Auto-Align Layers` ही आज्ञा त्यांना जुळवते. नंतर वरच्या लेयरला मास्क लावून तो संपूर्ण काळा करायचा, म्हणजे वरचे चित्र लपते, आणि मऊ ब्रशने फक्त आजींच्या चेहऱ्यापुरता तो पांढरा करायचा. मास्कची कड केसांच्या आतून किंवा कानामागच्या सावलीतून न्यावी. गालाच्या मधोमध आणलेली कड कधीच बेमालूम होत नाही. मास्कमुळे काहीही खोडले जात नाही. उद्या कड दोन पिक्सेल आत घ्यायची झाली तर नुसता ब्रश फिरवायचा.

ही फाइल फोटोशॉपच्या पीएसडी स्वरूपात, किंवा लेयरसह टिफ म्हणून साठवायची. हीच या फोटोची मास्टर फाइल. जिंपमध्ये काम करणाऱ्यांसाठी ती एक्ससीएफ असते. 2012 साली आलेल्या 2.8 आवृत्तीपासून जिंपने साठवणे आणि निर्यात करणे यांची फारकतच केली आहे: `Save` म्हटले की फक्त एक्ससीएफ होते, जेपीईजी हवी असेल तर `Export` करावे लागते. पुष्कळांनी तेव्हा या बदलावर नाके मुरडली, पण पुन:पुन्हा जेपीईजी करण्याच्या सवयीला त्याने चांगला आळा घातला. ग्राहकाचा प्रत्येक नवा निरोप आला की मास्टर उघडायची, तिच्यात नवा लेयर टाकायचा आणि ती पुन्हा तशीच साठवायची. कडा कापतानाही कापलेला भाग खरोखर काढून टाकण्याचा पर्याय बंद ठेवावा.

पीएनजीही हानिरहित आहे आणि एकसंध चित्र एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायला चांगली आहे, पण तिच्यात लेयर आणि मास्क राहत नाहीत. म्हणून ती मधल्या मुक्कामाला चालते, मास्टर म्हणून चालत नाही. टिफमध्ये एक सापळा आहे. साठवताना येणाऱ्या चौकटीत झिप आणि एलझेडडब्ल्यूच्या शेजारीच जेपीईजी हाही पर्याय असतो, आणि तो निवडला तर नाव टिफ राहूनही आत तीच गोळाबेरीज होते. केवळ नावाच्या शेपटावरून फाइल हानिरहित आहे असे समजू नये. वेबपीचेही तसेच: ती हानिरहितही असते आणि हानिकारकही, साठवणाऱ्याने काय निवडले त्यावर अवलंबून.

हानिरहित साठवण पुढचे नुकसान थांबवते, मागचे भरून काढत नाही. व्हॉट्सॅपवरून आलेला 80 पिक्सेलचा चेहरा टिफमध्ये ठेवला तर तो तितकाच वाईट राहतो, फक्त जागा जास्त घेतो. हे वेगळे सांगावे लागते, कारण जेपीईजीची टिफ करून ‘क्वालिटी वाढवून’ दिल्याचे पुष्कळ दुकानांत सांगितले जाते. तसे काही होत नाही.

काम योग्य वाटेने झाले की नाही हे डोळ्यांनी पडताळता येते. मास्टरमधून तयार केलेले एकसंध चित्र पायाच्या मूळ टिफवर लेयर म्हणून ठेवायचे आणि त्याची मिसळण्याची पद्धत `Difference` करायची. आता पडद्यावर फक्त दोन चित्रांतला फरक दिसतो: जिथे काही बदलले नाही तिथे निखळ काळे, जिथे बदलले तिथे उजळ. काळ्यातला बारीक फरक दिसावा म्हणून वर `Levels` लावून उजेड खूप वाढवायचा. काम हानिरहित झाले असेल, मास्कशिवाय पूर्ण चित्राला दुसरा कोणताही बदल केलेला नसेल आणि रंगाचे प्रोफाइल व बिटची खोली दोन्हींकडे सारखी असेल, तर काळ्या पडद्यावर फक्त आजींचा चेहरा तरंगताना दिसतो आणि भोवती काहीच नसते. वाटेत कुठे जेपीईजी झाली असेल तर साऱ्या चित्रावर, आकाशात, भिंतीवर, सगळ्यांच्या कपड्यांवर बारीक चौकोनांची धुरकट जाळी दिसते. हीच तपासणी इमेजमॅजिक या मोफत साधनाने अशी होते:

```
magick compare -metric AE paya.tif antim.tif null:
```

ही आज्ञा किती पिक्सेल वेगळे आहेत तो आकडा देते. तो आकडा चेहऱ्याच्या मास्कमध्ये मावेल एवढा असावा, म्हणजे 300 गुणिले 400 च्या भागासाठी फार तर एक लाख वीस हजार. दोन कोटी चाळीस लाखांपैकी कोटीभर पिक्सेल वेगळे निघाले तर फाइल कुठेतरी जेपीईजीतून जाऊन आली आहे, किंवा पूर्ण चित्राला कुणीतरी रंगबदल केला आहे. आलेल्या जेपीईजीची अवस्था पाहायची असेल तर पुढची आज्ञा तिच्या तक्त्यावरून क्वालिटीचा अंदाज सांगते:

```
magick identify -format "%Q\n" aaji.jpg
```

हा अंदाजच असतो, आणि तो फक्त शेवटच्या साठवणीचा असतो. साठावर साठवलेली फाइल नंतर पंचाण्णववर साठवली तर उत्तर पंचाण्णव येईल, चेहरा साठचाच राहील.

शेवटी जेपीईजी करावीच लागते, कारण बहुतेक प्रिंटिंग लॅब तीच मागतात. ती मास्टरमधून काढायची, आणि काढताना लेयर तशाच ठेवून नवी प्रत करायची. फोटोशॉपमध्ये त्यासाठी `Save a Copy` आहे. कापणे, आकार बदलणे, छपाईसाठी धार वाढवणे हे सगळे आधी उरकावे आणि गोळाबेरीज शेवटी एकदाच व्हावी. शून्य ते शंभरच्या पट्टीवर 90 ते 95 पुरेसे असते. 100 वर फाइल फुगते, कागदावर फरक दिसत नाही. फोटोशॉपची जुनी पट्टी शून्य ते बाराची आहे, आणि तिचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे: सहापर्यंत रंगाचे नमुने निम्मे केले जातात, सातपासून पुढे पूर्ण ठेवले जातात. लग्नातल्या लाल-हिरव्या काठांच्या फोटोत हा फरक नजरेला दिसतो, म्हणून तिथे दहाच्या खाली उतरू नये. जिंपमध्ये निर्यातीच्या चौकटीत 4:4:4 निवडले की रंग पूर्ण राहतात. फेसबुकसाठी लहान प्रत हवी असेल तर तीही मास्टरमधूनच काढावी. लॅबसाठी केलेली जेपीईजी लहान करून पाठवणे म्हणजे पुन्हा त्याच चक्रात शिरणे.

जेपीईजी आडवीची उभी करण्यापुरते काम असेल तर ती उघडून साठवण्याची गरज नाही. चौकोनांतले आकडे न उलगडता त्यांची नुसती जागा बदलणारे साधन आहे:

```
jpegtran -copy all -perfect -rotate 90 -outfile ubha.jpg aadva.jpg
```

चित्राची रुंदी-उंची चौकोनांच्या पटीत नसेल तर कडेचे अपुरे चौकोन नीट फिरत नाहीत. `-perfect` लिहिल्यामुळे अशा वेळी आज्ञा वेडेवाकडे काही करण्याऐवजी काम नाकारते.

हानिरहित काम केले की फोटो चांगला दिसतो, पण बदल झालाच नव्हता असे त्याने होत नाही. फोटोंची न्यायवैद्यक तपासणी करणारे अनेक खुणा एकत्र पाहतात: प्रकाशाची दिशा, दाण्याची रचना, सावल्या, फाइलमधल्या नोंदी. जेपीईजीचा इतिहास ही त्यांतली एक खूण आहे. संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद यांनी 2009 मध्ये ‘जेपीईजी घोस्ट’ या नावाने तिचा एक प्रकार दाखवला. संशयित फोटो वेगवेगळ्या क्वालिटीवर पुन्हा साठवून प्रत्येक प्रतीची मूळ फोटोशी वजाबाकी करायची. एखादा भाग पूर्वी 60 वर साठवला गेलेला असेल, तर 60 वर साठवताना त्या भागात फरक सगळ्यांत कमी येतो, कारण 40 ला 10 ने भागल्यावर बरोबर 4 यावेत तसे तिथले आकडे त्या भाजकांना आधीच सरावलेले असतात. भोवतीचा फोटो उजळ आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग असे चित्र दिसले की तो भाग दुसरीकडून आला असल्याचा संशय बळावतो. ही पद्धत तेव्हाच चालते, जेव्हा आलेला भाग शेवटच्या साठवणीपेक्षा हलक्या क्वालिटीचा असतो. उलट परिस्थितीत ती मूक राहते. म्हणून डाग न दिसणे हा फोटो अस्सल असल्याचा पुरावा कोणीही जाणकार मानत नाही.

यावरून या कामाची मर्यादाही ठरते. घरच्या अल्बमसाठी, घरच्यांच्या संमतीने, त्याच प्रसंगातल्या त्याच माणसाचा उघड्या डोळ्यांचा चेहरा बसवणे हे छपाईचे कौशल्य आहे. बातमीच्या फोटोत ते चालत नाही. मोठ्या वृत्तसंस्था फोटोतला मजकूर हलवायला किंवा जोडायला मनाई करतात. कोर्टात जाणाऱ्या फोटोत तर मुळीच नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. एक पिक्सेल जरी बदलला तरी ते मूल्य बदलते, आणि फाइल नुसती उघडून पुन्हा साठवली तरीही बदलते. अशा फोटोची मूळ फाइल कार्डावरून उतरवल्यावर तिला हात लावायचा नाही. उजेड वाढवून पाहायचा असेल तर प्रतीवर पाहावे.

जागेचा प्रश्न उरतो. 24 मेगापिक्सेलचे 16 बिटचे एक चित्र न आवळता 144 एमबी घेते, त्यामुळे दोन लेयरची मास्टर दोन-तीनशे एमबीची सहज होते, तर अंतिम जेपीईजी दहा-पंधरा एमबीतच बसते. म्हणून काम संपले की पुष्कळ स्टुडिओ मास्टर पुसतात आणि जेपीईजी जपतात. चारशे फोटोंच्या अल्बममध्ये चेहरे बदललेले फोटो मोजकेच असतात. तेवढ्या मास्टर आणि त्यांच्या मूळ रॉ फाइली ठेवायला फार मोठी डिस्क लागत नाही. वर्षभराने तोच फोटो भिंतीवर लावण्यासाठी तीन फूट रुंद मागितला गेला, तर तो मास्टरमधून काढावा. अल्बमला गेलेल्या जेपीईजीवरून तो काढू नये.